पाऊण तासाचा धूर

माझी थोरली नात स्वरूपा हिचं लग्न झालं ते साल २०२२. मार्गशीर्षात लग्न झालं, मांडव उतरून आठ दिवस झाले आणि मी गेणबाला चोर म्हणालो. म्हणून ते साल मला कुणाला विचारावं लागत नाही.

मी सावळाराम. कन्हेरीच्या मोहनरावांचा ट्रॅक्टर मी सव्वीस वर्षं चालवला. आधी जुना होता, तो विकून नवीन घेतला, पण गडी तोच राहिला. गेणबा माझ्याही आधीपासून त्यांच्याकडं होता. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं तेव्हा तो इंजिन बघायचा. पुढं विजेची मोटार बसली, इंजिन भंगारात गेलं आणि गेणबा गोठ्यावर आला. बायको नव्हती, पोर नव्हतं. एक बहीण मोरगावला. तो गोठ्यातच झोपायचा. त्याची बाज आणि माझा ट्रॅक्टर यांच्यामध्ये फक्त एक काटक्यांचा कूड होता.

मी पहाटे पाचला यायचो. ट्रॅक्टर चालू करायचा, हातानं ओढायचा रेसचा दांडा दोन बोटं खाली घ्यायचा, बॉनेटवर उदबत्ती खोचायची आणि इंजिन तसंच सोडून हौदावर अंघोळीला जायचं. मग देवाला पाणी, मग मालकीण लीलाबाईंच्या हातचा चहा, मग भाकरी बांधून घ्यायची. पावणेसहाला मी सीटवर बसायचो. तोवर बॉनेट तव्यासारखं झालेलं असायचं. माझ्या उस्तादानं मला तसंच शिकवलं होतं. त्याच्या जुन्या ट्रॅक्टरला थंडीत तापवल्याशिवाय नांगर ओढवत नसे, पांढरा धूर टाकून बंद पडायचा. तेव्हापासून पाऊण तास म्हणजे पाऊण तास. नवीन ट्रॅक्टर आला तरी मी एक दिवस चुकवला नाही.

गेणबा रोज कुडापलीकडून खोकायचा. खोकून झालं की शिव्या द्यायचा.

"सावळ्या, अरं ते बंद कर की! जनावरं ठसकाय लागली."

"जनावरांचं सांगतोस का तुजं?"

"दोगांचं. दोन मिनटं लय झाली त्याला. चालू केलं, तेल चढलं, निघायचं. माझं इंजिन मी कदी तापवत बसलो न्हाय."

"तुजं इंजिन भंगारात गेलं गेणबा. माजं अजून चालतंय."

हे बोलणं वर्षानुवर्षं चाललं. कधी तो घमेलं घेऊन सायलेन्सरच्या तोंडावर उपडं घालीन म्हणायचा, कधी मी त्याच्या कुडाला मुद्दाम ट्रॅक्टरची शेपूट लावून उभा करायचो. आमच्यात प्रेम नव्हतं. पण एका दारात भाकरी खात होतो, म्हणून निभत होतं.

मोहनरावांचा नातू दिग्विजय लोणी देवकरला कारखान्यात नोकरीला लागला होता. तिथं प्रत्येक गोष्ट मोजतात. त्याच्या डोक्यात आलं, आपल्या रोटाव्हेटरला एकराला डिझेल किती लागतं ते काढू. संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर टाकी गळ्यापर्यंत भरली, सपाट जागा बघून. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला जाताना तो मोटारसायकलवर रानात आला. मी नुकताच पोचलो होतो, रोटाव्हेटर अजून जमिनीला लावला नव्हता. त्यानं लिटरचं माप काढलं आणि टाकी परत गळ्यापर्यंत भरली. दीड लिटर बसलं.

"तात्या, घरापासनं रान दीड किलोमीटर. दीड किलोमीटरला दीड लिटर? विमान हाय का काय ह्ये?"

"टाकी नीट भरली नसंल."

"बरं, परत भरू."

तीन दिवस भरली. तिन्ही दिवस दीडच्या आसपास. चौथ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "तात्या, सकाळी चालू केलं की निघताच नव्हं?"

मी म्हणालो, "व्हय. जरा तापवून."

जरा. मी खोटं बोलायला म्हणून ते म्हणालो नाही. मला खरंच वाटायचं की उभा ट्रॅक्टर काही पीत नाही. ओढेल तेव्हा पिईल. नुसता भकभक करत उभा आहे त्याला काय लागणार, वारा? आणि पहाटे पाचला दिग्विजय अंथरुणात असायचा. त्यानं पाऊण तास कधी बघितलाच नव्हता.

त्या दिवशी दुपारी मोहनरावांनी आम्हाला सगळ्यांना ओट्यापुढं बोलावलं. लीलाबाई दारात उभ्या होत्या. मोहनराव कमी बोलायचे. म्हणाले, "संध्याकाळी टाकी भरतीया, सकाळी कमी हुतीया. मधी कोण हाय?"

मधे कोण होतं ते सगळ्यांना माहीत होतं. मी बोललो.

"तितं झोपतंय कोण, त्येलाच इचारा की मालक."

गेणबानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादा माणूस घसरून पडताना आपण बघतो तसं.

"मी डिझल काय करू, पिऊ?"

"इकायला काय लागतंय? रस्त्यावर बाटली घेऊन उभा राह्यलास तर धा जण हायेत. इंजिनवाला हायस, नळी लावून काढायची तुला काय शिकवाय पायजे?"

हे माझ्या तोंडातून गेलं. मी स्वतः नळी पाहिली नव्हती, बाटली पाहिली नव्हती. रोजच्या शिव्या डोक्यात होत्या, त्यांनी ते बोलायला लावलं.

गेणबानं शपथ घेतली नाही. मोहनरावांना म्हणाला, "मालक, तुमास्नी काय वाटतं?"

मोहनरावांनी टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "थोडं दिस भनीकडं जाऊन ये."

गेणबानं बाज उभी केली, गोधडी बांधली. जाताना कुडापाशी थांबून मला म्हणाला, "मी गेल्यावर माप घालून बघ, सावळ्या." आणि एसटीनं मोरगावला गेला.

मी दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर चालू केला तेव्हा कुणी खोकलं नाही. मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.

दिग्विजयनं रानात माप घातलं. दीड लिटर.

दुसऱ्या दिवशी दीड. त्याच्या पुढच्या दिवशी सव्वाच्या वर. दिग्विजय आता माझ्याशी बोलताना तात्या म्हणेना.

"गेणबा तर मोरगावला हाय," तो म्हणाला. "आता कोण हाय मधी?"

मी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. तरी कमीच. गावात कुणीतरी मला हाक मारून विचारलं, "सावळाराम, बाटली कितीला देतोस?" आणि चहाच्या टपरीवर पाचसहा जण हसले. सव्वीस वर्षांत माझ्या नावाला कुणी बोट लावलं नव्हतं. नातीच्या सासरी हे गेलं तर काय, ह्या विचारानं मला जेवण जाईना.

मग मी ट्रॅक्टर घेऊन बारामतीला राम मिस्त्रीकडं गेलो. कुठं गळतंय का बघ म्हणालो. त्यानं सगळीकडून हात फिरवला. टाकी कोरडी, पाइप कोरडा, पंप कोरडा. मग त्यानं इंजिन तेलाची काडी ओढली, तेल दोन बोटांत चोळलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

"कसला वास येतो?"

"डिझलचा."

"तेलात डिझल उतरलंय. सकाळी काय करतोस रे तू?"

मी सांगितलं. पाच ते पावणेसहा, रेस दोन बोटं.

राम मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून हसायला लागला. मग त्याचं हसणं थांबलं, कारण मी हसत नव्हतो.

"तात्या, उभ्या इंजिनाला पाण्यासारखं डिझल लागत न्हाय, पण लागतं. नुसत्या स्लोवर तासाला लिटरभर. तू वर रेस ओढून ठेवतोस, मग दीड-पावणेदोन. पाऊण तासाला सव्वा लिटर कुठंच गेलं न्हाय. आन् त्यानं तापतं का? वरनं बॉनेट तापतं. बिनओझ्याचं इंजिन आतनं थंडच जळतं. अर्धं जळतं, थोडं काजळी हून नोजलला बसतं, उरलेलं खाली तेलात."

"मग तापवायचंच न्हाय?"

"चालू केलं की तेल वर चढायला अर्धं मिनिट. थंडी असली तर एक, लय झालं तर दोन मिनिटं. आपल्याकडं काय बर्फ पडत न्हाय. मग निघायचं, पण खालच्या गेरात, हळू, जोर न देता. रानात पोचस्तोवर काटा वर येतो. तवा रोटाव्हेटर लावायचा. चालत्या वाटेवर तापतं ते खरं तापणं." मग तो आणखी म्हणाला, "थांबायचं असंल तर संध्याकाळी थांब. ह्याला टर्बो हाय. दिवसभर ओढून आलास की लगेच खट्कन बंद करतोस का न्हाय?"

"करतो."

"तिथं दोन-तीन मिनिटं स्लोवर ठेव, टर्बो थंड होऊ दे. तू नेमकं उलटं चालवलंस. एअर ब्रेकचा ट्रक असता तर हवा भरस्तोवर उभं राहणं भाग असतं. हा ट्रॅक्टर हाय."

मी तेल बदललं आणि परत निघालो. वाटेत दोनदा ट्रॅक्टर बाजूला घेऊन उभा राहिलो. गेणबाचे शब्द आठवत होते. दोन मिनटं लय झाली त्याला. मिस्त्री म्हणाला तेच तो कुडापलीकडून इतकी वर्षं सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ आधी केली, चहा आधी घेतला, मग चालू करून दोन मिनिटांत निघालो, पहिल्या-दुसऱ्या गेरात. रानात दिग्विजयनं माप घातलं. पाव लिटरच्या वर थोडंसं.

"आज कसं काय बरोबर आलं?" त्यानं विचारलं.

तेव्हा मला खरं सांगता आलं असतं. तोंड उघडलंही. पण ओट्यापुढचं माझं बोलणं आठवलं, नळी, बाटली, इंजिनवाला हायस. मी म्हणालो, "पाइपला बारीक गळती हुती. मिस्त्रीनं बदलला."

दिग्विजय मोकळा झाला. परत तात्या म्हणायला लागला. टपरीवरचं हसणंही थांबलं. मी सुटलो होतो.

पण मोहनराव सरळ माणूस. त्यांना गळतीचं कळलं तसा त्यांनी मोरगावला निरोप धाडला. गेणबाला म्हणावं चूक झाली, परत ये.

गेणबा लगेच आला नाही; महिन्याभरानं एका सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं आला. फेब्रुवारी होता, हवेत अजून गारवा होता. गोधडी आणली नव्हती. नुसता आला. ओट्यापुढं उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. खोकला होताच.

"चोर कोण निगालं म्हणायचं, मालक?"

मोहनराव म्हणाले, "कोण न्हाय. पाइप गळत हुता. सावळानं बदलून आणला."

गेणबा माझ्याकडं वळला. "दाव पाइप."

"आता काय दावायचं? झालं गेलं."

"तुजं झालं. माजं न्हाय. दाव."

दिग्विजयनं बॉनेट उघडलं. गेणबा वाकला. त्याला जवळचं कमी दिसायचं, म्हणून त्यानं बोट फिरवलं. टाकीपासून फिल्टरपर्यंत आणि तिथून पंपापर्यंत. मग ते बोट वर करून सगळ्यांना दाखवलं. बोटाला कोरडी धूळ होती.

"डिझल गळलं की धुळीचा चिखल हुतो, काळा, चिकाट. ह्यो फुफाटा हाय. आन् पाइप म्हैन्याभराचा म्हणतोस तर ह्येला चार वर्साची धूळ कशी? ह्या नटाला पाना लागलेला न्हाय. रंग तसाच हाय, बगा."

दिग्विजयनं वाकून बघितलं. रंग तसाच होता. तो सरळ उभा राहिला आणि माझ्याकडं बघत राहिला.

"तात्या?"

मी हात पुसायला लागलो.

"त्यो न्हाय सांगायचा," गेणबा म्हणाला. "ट्रॅक्टर बाहेर घे. सपाटीला लाव. टाकी गळ्यापातूर भर. मग सावळ्या रोज पहाटं चालू करतो तसा चालू करू दे. रेसचा दांडा बी तसाच. आन् पाऊण तास सगळ्यांनी हितं बसा."

लीलाबाई दारातून म्हणाल्या, "पाऊण तास? सयपाक कोण करंल?"

"वैनी, मी दीड म्हैना उष्टं खाल्लंय भनीच्या घरचं. तुमी एक दिस उशिरा जेवा."

त्या आत गेल्या नाहीत. तिथंच पायरीवर बसल्या.

ट्रॅक्टर अंगणात आला. दिग्विजयनं टाकी भरली, अगदी गळ्याच्या कडेपर्यंत. मी चालू केला. रेसचा दांडा दोन बोटं ओढला. माझा हात आपोआप उदबत्तीकडं गेला, तो मी मागं घेतला. खाली उतरून उभा राहिलो.

दिग्विजयनं मोबाइलमध्ये वेळ लावली.

पाऊण तास केवढा असतो ते मला त्या दिवशी कळलं. रोज तो अंघोळीत, चहात, भाकरी बांधण्यात निघून जायचा. त्या दिवशी कुणी काहीच करत नव्हतं. इंजिन एका सुरात चालू होतं. धूर अंगणात फिरून ओट्यावर चढत होता. दहा मिनिटांनी लीलाबाईंनी पदर नाकाला लावला. पंधरा मिनिटांनी मोहनराव खोकायला लागले. दावणीची म्हैस दावं ओढून तोंड फिरवायला लागली. गेणबा धुराच्या तोंडासमोरच उभा होता. हलला नाही. खोकत होता आणि उभा होता.

"बाबा, हिकडं या की," दिग्विजय त्याला म्हणाला.

"मला सवय हाय."

अर्ध्या तासाला मोहनराव म्हणाले, "सावळा, हे तू रोज करत हुतास?"

"व्हय मालक."

"इतकी वर्सं?"

"व्हय."

"आन् ह्यो कुडाच्या पलीकडं झोपत हुता?"

मी मान हलवली. इंजिनाच्या आवाजात त्यांना दिसलं का नाही कुणास ठाऊक. त्यांनी परत विचारलं नाही.

मला निकाल माहीत होता. राम मिस्त्रीनं आकडा आधीच सांगितला होता. तिथं उभं राहून मी एवढंच मागत होतो की माप भरताना थोडं कमी बसावं. निदान एक लिटरच्या आत. मग म्हणता आलं असतं की उरलेलं कुठं गेलं देव जाणे. इतका मी हलका झालो होतो.

वेळ संपली. दिग्विजयनं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. त्यानं लिटरचं माप भरलं आणि टाकीत ओतलं. सगळं गेलं. परत माप भरलं, हळूहळू ओतलं. पावच्या जरा पुढं गेल्यावर टाकी गळ्याला आली.

"सव्वा लिटर," तो म्हणाला. "आन् रानापातूर जायला पाव. झालं दीड."

गेणबा मोहनरावांपुढं गेला. "मालक, आता म्हणा."

मोहनराव उठून उभे राहिले. त्या माणसाला मी कुणापुढं उठलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "गेणबा, माजं चुकलं. तू हितं राहा. आणि सावळा, चावी ठेव ओट्यावर."

मी चावी काढली. करगोट्याची कुलपाची किल्ली पण काढली. दोन्ही ओट्यावर ठेवल्या. तेव्हा मी तोंड उघडलं. म्हणालो, "गेणबा, मला मिस्त्रीनं सगळं सांगितलं हुतं. म्हैना झाला. मी पाइपाचं खोटं बोललो."

"ते मला पाइप बगितल्याव कळलं," गेणबा म्हणाला. "मला चोर म्हणलास त्ये तुला ठावं नव्हतं म्हणून. त्येचं मी काय बी मनात ठेवलं नसतं. पर ठावं झाल्याव बी तू गप राह्यलास. मी तितं भनीच्या शेरडांमागं फिरत हुतो, तिचा जावई मला इचारत हुता, मामा, किती लिटर काडलं? आन् तू हितं दोन मिनटांत निगत हुतास."

मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो. तो मागं सरकला.

"नगं. लोकं बगत्यात म्हणून वाकू नगंस."

मोहनरावांना तो म्हणाला, "मी न्हाय राहत. भनीकडं बरं हाय. ह्येची चावी काडू नगा. दुसरा आणाल, त्यो बी तापवील. ह्यो आता तापवायचा न्हाय."

लीलाबाई म्हणाल्या, "जेवून तरी जा."

"एसटी हाय," तो म्हणाला आणि गेला.

मोहनरावांनी चावी दोन दिवस ओट्यावरच ठेवली. तिसऱ्या दिवशी दिग्विजयनं ती माझ्या हातात न देता सीटवर ठेवली. मी काम करत राहिलो. मोहनराव त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलले. लीलाबाई चहा देत, पण कप हातात देत नसत, पायरीवर ठेवत. टपरीवर माझं नाव आता वेगळ्या कारणानं निघायचं, "काय सावळाराम, तापलं का?"

पहाटे मी सगळं आवरून मगच ट्रॅक्टरजवळ जातो. चालू केलं की दोन मिनिटं मोजतो आणि खालच्या गेरात निघतो. संध्याकाळी आलो की तीन मिनिटं स्लोवर ठेवून बंद करतो. त्या तीन मिनिटांत गोठ्याचा कूड समोर असतो. तिथं आता पेंढा रचला आहे.

मी दोनदा मोरगावला गेलो. पहिल्यांदा बहिणीनं दारातूनच सांगितलं, तो शेरडं घेऊन गेला आहे. तिच्या मागं गेणबाच्या चपला होत्या. दुसऱ्यांदा तो अंगणातच बसला होता. मी बोलायला लागलो तसा उठला, आत गेला, दार लावून घेतलं. आतून खोकण्याचा आवाज आला. मी बराच वेळ उभा राहिलो आणि एसटी पकडली.

गेणबा मोरगावला बहिणीच्या घरी १९ डिसेंबर २०२३ रोजी, मंगळवारी पहाटे वारला. मला तिसऱ्या दिवशी कळलं.